पत्रिकेतला आकडा आणि दुकानातली गोणी : कृषी अधिकारी पदाच्या मुलाखतीची तयारी

महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत कृषी सेवेतील कृषी उपसंचालक, तालुका कृषी अधिकारी आणि कृषी अधिकारी या पदांसाठी होणाऱ्या निवडीत पूर्व आणि मुख्य परीक्षेनंतर मुलाखतीचा टप्पा येतो, आणि कृषी पदवीधर विद्यार्थी व त्यांचे पालक सर्वाधिक धास्तावतात ते याच टप्प्यावर. लेखी परीक्षेचा अभ्यासक्रम छापील असतो, मुलाखतीचा नसतो; त्यामुळे पोशाख, इंग्रजी आणि चालू घडामोडी यांवरच सारी तयारी खर्ची पडते आणि ज्या विषयाची पदवी हाती आहे तो विषय मात्र पाठांतराच्या भरवशावर राहतो. वास्तविक या मुलाखतीला बसणाऱ्या विषयतज्ज्ञाला उमेदवाराची पारख करण्यासाठी एक साधा प्रश्न पुरतो : समोर एक जमीन आरोग्य पत्रिका आहे, शेतकरी तिसरी-चौथीपर्यंत शिकलेला आहे, तर ही पत्रिका त्याला समजावून सांगा. बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाच्या मुलाखतीतही हा प्रश्न वेगळ्या शब्दांत येऊ शकतो. या एका प्रश्नाच्या उत्तरात मृदाशास्त्र, पीकसल्ला आणि विस्तारशिक्षण ही तिन्ही अंगे एकत्र येतात, म्हणून तो मुळापासून समजून घेणे उपयोगाचे ठरते.

जमीन आरोग्य पत्रिका म्हणजे मातीच्या नमुन्याच्या प्रयोगशाळेतील तपासणीचा निष्कर्ष आणि त्यावरून काढलेली खतांची शिफारस एकत्र देणारा कागद. ही योजना केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून सुरू केली. पत्रिकेत एकूण १२ घटक नोंदलेले असतात आणि ते तीन गटांत पाहिले तर लक्षात राहतात. पहिल्या गटातील सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन घटक जमिनीचा स्वभाव सांगतात : सामू म्हणजे माती आम्ल आहे की विम्ल याचे माप, क्षारता म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांचे प्रमाण, आणि सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून व शेणखतातून मातीत उरलेला अंश. दुसऱ्या गटात नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक ही पिकाला अधिक प्रमाणात लागणारी अन्नद्रव्ये येतात, तर तिसऱ्या गटात जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन ही अत्यल्प प्रमाणात लागणारी, पण अपुरी पडली की पीक अडवून धरणारी सूक्ष्म अन्नद्रव्ये येतात.

बहुतेक उमेदवार एवढे सांगून थांबतात, आणि बारा घटकांची नावे न अडखळता सांगता आली म्हणजे उत्तर झाले असे त्यांना वाटते. परंतु जाणकार तज्ज्ञाचा पुढचा प्रश्न असा असतो की या आकड्यांवर विश्वास कितपत ठेवावा. त्याचे उत्तर प्रयोगशाळेत नसून शेतात आहे, कारण प्रयोगशाळेत तपासली जाणारी माती चमचाभर असते आणि ती संपूर्ण शेताची प्रतिनिधी ठरते की नाही हे नमुना घेणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. एकसारख्या दिसणाऱ्या शेतातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, साधारण वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती खरवडून काढायची, सगळी माती स्वच्छ कापडावर एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन भाग टाकून उरलेले दोन पुन्हा मिसळायचे आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हे करीत राहायचे, ही पद्धत प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. ती बिघडते कशी, हे मात्र पुस्तकात क्वचितच सापडते. नमुना बांधालगत, झाडाखाली किंवा शेणखताचा ढीग पडलेल्या जागी घेतला, तर सेंद्रिय कर्ब शेताच्या मानाने फार अधिक दिसतो. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरली तर स्फुरद किंवा पालाश अवाच्या सवा येतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत माती कालवली तर जस्ताची कमतरता असलेल्या शेताच्या पत्रिकेत जस्त भरपूर असल्याची नोंद होते. शेजारच्या सर्व शेतांपेक्षा एखादाच आकडा फटकून असेल, तर आधी नमुन्याविषयी शंका घ्यावी आणि मग जमिनीविषयी बोलावे, हा विवेक उमेदवाराच्या उत्तरात दिसला पाहिजे.

दुसरी मर्यादा योजनेच्या रचनेतूनच आलेली आहे. योजनेच्या सुरुवातीच्या आवर्तनांत बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरला एक आणि जिरायती क्षेत्रात दहा हेक्टरला एक असा नमुना घेतला जाई आणि त्या चौकोनात येणाऱ्या सर्व खातेदारांना त्याच निष्कर्षाची पत्रिका मिळे. जिरायती गावात दहा हेक्टरांत ओढ्याकाठची काळी भारी जमीन आणि माथ्यावरचे मुरमाड रान दोन्ही असू शकतात, तेव्हा माथ्यावरच्या शेतकऱ्याच्या हातातील आकडे ओढ्याकाठच्या मातीचे असण्याची शक्यता असते. “ही माती तुमच्याच शेतातून नेली होती का, आणि कुठून?” हा शेतकऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न ठरतो, आणि मुलाखतीत उत्तराची सुरुवात याच प्रश्नाने करणारा उमेदवार शेतात जाऊन आलेला आहे हे तज्ज्ञाला लगेच कळते.

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. मराठवाड्यातील एक जिरायती शेतकरी आहे असे समजा. त्याची दोन एकर मध्यम काळी जमीन आहे आणि खरिपात तो सोयाबीन घेतो. नमुना त्याच्याच शेतातून नीट घेतलेला आहे. पत्रिकेत सामू ८.२, क्षारता ०.३५, सेंद्रिय कर्ब ०.३५ टक्के, उपलब्ध नत्र हेक्टरी १६५ किलो, स्फुरद १७ किलो, पालाश ४८० किलो असे आकडे आहेत. गंधक दहा लाख भागांत ८ भाग, जस्त ०.४ भाग आणि लोह ३.१ भाग आहे. शेतकऱ्याची आजवरची रीत अशी की पेरणीला एकरी एक गोणी डीएपी द्यायचे आणि पीक महिन्याचे झाले की वरून एक पिशवी युरिया फेकायचा.

या आकड्यांचा अर्थ असा लागतो. क्षारता एकच्या आत असल्याने जमीन खारवट नाही, म्हणजे त्या घटकाची काळजी नको. सामू विम्लतेकडे झुकलेला आहे. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचे असते आणि अशा मातीत जस्त व लोह असूनही पिकाला सहज मिळत नाही. सेंद्रिय कर्ब आणि नत्र कमी आहे, स्फुरद मध्यम आहे, पालाश अत्यंत भरपूर आहे. गंधकाची पातळी दहाच्या खाली, जस्ताची ०.६ च्या खाली आणि लोहाची ४.५ च्या खाली असल्यामुळे हे तिन्ही घटक कमतरतेत मोडतात.

सोयाबीनला मराठवाड्यासाठी हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक अशी शिफारस प्रचलित आहे. पण शेतकरी हेक्टरात मोजत नाही आणि नत्र विकतही घेत नाही. तो एकरात मोजतो आणि गोणी विकत घेतो. म्हणून शिफारशीला अडीचने भागून एकरी १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १२ किलो पालाश आणि ८ किलो गंधक हे आकडे काढावे लागतात आणि त्यांचे पुन्हा गोण्यांत रूपांतर करावे लागते. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते, म्हणजे ५० किलोच्या एका गोणीतून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळते. स्फुरदाची गरज जवळपास भागते, पण गंधक मुळीच मिळत नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्केच असल्याने त्याच गरजेसाठी १५० किलो, म्हणजे तीन गोण्या लागतात. मात्र त्यातून सुमारे १६ किलो गंधक आपोआप मिळते. तेलबियांच्या पिकाला गंधक लागतेच आणि या शेतात ते कमी आहे, म्हणून कागदावर सुपर फॉस्फेट सरस ठरते. त्याच्यासोबत नत्रासाठी एकरी २६ किलो युरिया पेरणीच्या वेळी द्यावा लागतो. पालाश भरपूर असल्याने पोटॅशची मात्रा निम्म्यावर, म्हणजे एकरी १० किलोवर आणता येते. जस्तासाठी एकरी १० किलो झिंक सल्फेट पुरते, पण ते स्फुरदयुक्त खतात थेट मिसळू नये, कारण स्फुरदाशी संयोग होऊन जस्त पिकाला मिळेनासे होते. ते शेणखतात कालवून वेगळे टाकावे. लोहाचे खत मातीत टाकण्याची घाई नको. चुनखडीच्या जमिनीत ते लगेच अडकून पडते, म्हणून कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तरच फवारणीचा विचार करावा.

येथेच चांगला आणि कच्चा उमेदवार वेगळे होतात. कच्चा उमेदवार सुपर फॉस्फेटची शिफारस करून मोकळा होतो. चांगला उमेदवार हेही सांगतो की दोन एकरांना दोन गोण्यांऐवजी सहा गोण्या बाजारातून आणणे, बांधावर उतरवणे आणि तिफणीमागे पेरून देणे याला भाडे आणि मजुरी दोन्ही लागते, शिवाय ऐन पेरणीत हे खत दुकानात मिळेलच असे नाही; म्हणून डीएपीची एक गोणी, सहा-सात किलो युरिया आणि सुमारे १० किलो बेन्टोनाइट गंधक हा दुसरा मार्गही तयार ठेवावा. हे गंधक मातीत मुरून पिकाला मिळण्यास वेळ लागतो, म्हणून ते पेरणीपूर्वीच्या मशागतीत पडलेले बरे. शेतकऱ्याने सल्ला मानला नाही असे म्हणण्याआधी तो त्याला पेलणारा होता का हे तपासणे, हा अधिकाऱ्याच्या कामाचा भाग आहे.

यानंतरचा प्रश्न मुलाखतीतील खरा फासा असतो : पत्रिकेत नत्र कमी आहे, मग शेतकरी वरून युरिया देतो ते बरोबरच नव्हे का? आकडा पाहून होकार देणारा उमेदवार येथे अडकतो. सोयाबीन हे द्विदल पीक आहे. त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र पकडून झाडाला पुरवतात, आणि बाहेरून आयते नत्र मिळाले की या गाठींचे काम मंदावते. पेरणीच्या वेळी दिलेले थोडे नत्र गाठी तयार होईपर्यंतच्या काळासाठी असते. महिन्याच्या पिकाला युरिया दिला की रान आठ दिवसांत काळेभोर दिसते, शेतकऱ्याला समाधान वाटते, पण झाड शाखीय वाढीला लागते, दाटी होते, कीड-रोगाला वाव मिळतो आणि शेंगांची वाढ मागे पडते. हे शेतकऱ्याला सांगून पटत नाही, कारण हिरवेपणा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो; डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला डोळ्यांनी दिसणारेच उत्तर द्यावे लागते. पीक साधारण ४० दिवसांचे असताना, वाफसा असेल त्या दिवशी, खुरप्याने मातीच्या ढेकळासह एक झाड अलगद उपटावे, मुळे पाण्यात हळुवार धुवावीत आणि मुळावरची गाठ नखाने फोडून शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवावी. आतून गुलाबी-लालसर रंग दिसला तर गाठ काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली तर ती निकामी आहे. लालसर गाठी भरपूर असलेल्या शेतात युरियाची पिशवी कशासाठी, हा प्रश्न मग शेतकरी स्वतःच विचारतो. गाठी नसतील किंवा पांढऱ्या असतील तर उमेदवाराने प्रामाणिकपणे म्हणावे की या हंगामात पिकाला आधार द्यावा लागेल आणि पुढच्या पेरणीला दर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम चोळावे लागेल. बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी, कीटकनाशक नंतर आणि जिवाणू खत सर्वांत शेवटी, हा क्रम चुकला तर जिवाणू मरतात आणि पुन्हा गाठी येत नाहीत.

सेंद्रिय कर्ब हा शब्द समजावणे याहून अवघड असते, कारण तो डोळ्यांना दिसत नाही आणि एका हंगामात वाढतही नाही. त्यासाठी दोन काचेचे पेले आणि दोन वाळलेली ढेकळे पुरतात : एक ढेकूळ बांधावरच्या गवताखालचे, जिथे नांगर कधी लागलेला नाही, आणि दुसरे त्याच शेतातील सतत मशागत झालेल्या जागेचे. दोन्ही एकाच वेळी पाण्यात सोडली की शेतातले ढेकूळ थोड्या वेळात विरघळून तळाशी बसते, तर गवताखालचे बराच वेळ आकार धरून राहते. पावसाच्या पहिल्या सरीत रानाचे काय होते हे वेगळे सांगावे लागत नाही. वरची माती चिखल होऊन वाहते आणि वाळल्यावर पपडी धरते हे शेतकरी दरवर्षी पाहत असतो, त्याचे कारण त्याला पेल्यात दिसते. या प्रयोगालाही मर्यादा आहे : दोन्ही ढेकळे एकाच जातीच्या मातीची आणि सारखीच वाळलेली हवीत, नाहीतर तुलना खोटी ठरते, आणि यातून कर्बाचे प्रमाण टक्क्यांत कळत नाही. ही मर्यादा उमेदवाराने आपणहून सांगितली तर त्याच्या उत्तराचे वजन वाढते.

सोपे सांगणे म्हणजे कमी सांगणे किंवा लहान मुलाशी बोलावे तसे बोलणे, असा एक गैरसमज तयारीच्या वर्गांतून पसरलेला दिसतो. शाळा कमी झालेल्या शेतकऱ्याला नत्र-स्फुरदाचे सूत्र येत नसेल. पण आपल्या रानातला कोणता तुकडा आधी सुकतो, कुठे पाणी साचते, कोणत्या कोपऱ्यात दरवर्षी पीक पिवळे पडते हे तोच सांगू शकतो, आणि ही माहिती पत्रिकेत नसते. म्हणून आधी ऐकावे, मग बोलावे, आणि एका भेटीत तीनपेक्षा अधिक गोष्टी सांगू नयेत. वरील उदाहरणात त्या तीन गोष्टी अशा निवडता येतील : खत बदला किंवा डीएपीसोबत गंधक घ्या, पेरणीनंतर युरिया फेकू नका, जस्त शेणखतातून द्या. पालाशातील कपात, लोहाची फवारणी आणि सेंद्रिय कर्ब हे पुढच्या भेटीचे विषय. सांगून झाल्यावर “समजले का?” असे विचारू नये, कारण समोरचा माणूस मानापोटी होच म्हणतो. त्याऐवजी “काका, उद्या दुकानात गेल्यावर काय काय मागाल?” असे विचारावे. उत्तरात एखादी गोष्ट सुटली तर दोष आपल्या सांगण्याचा समजून ती पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगावी. खत पेरण्याचे, निंदणीचे आणि बियाणे निवडण्याचे काम अनेक घरांत बायकांच्या हातात असते, तेव्हा बैठकीत पुरुषांना सांगून परतणारा अधिकारी निम्म्या श्रोत्यांना वगळून येतो, हेही मुलाखतीत सांगण्यासारखे आहे.

शेतकरी म्हणाला की कृषी सेवा केंद्राचा दुकानदार वेगळे सांगतो, तर काय कराल, हा प्रश्न हमखास येतो. दुकानदाराला खोटे ठरवणे हे उत्तर नव्हे. तो हंगामात उधारीवर माल देतो, त्यामुळे शेतकऱ्याचे त्याच्याशी नाते अधिकाऱ्यापेक्षा जवळचे असते. अशा वेळी दोन एकरांपैकी अर्ध्या एकरावर नवी रीत आणि उरलेल्यावर जुनी रीत करून पाहण्याचा प्रस्ताव ठेवावा, बियाणे आणि पेरणीचा दिवस दोन्हीकडे एकच ठेवावा, आणि काढणीला दोन्ही भागांतील माल वेगळा मोजावा. शेतीशाळेत, म्हणजे हंगामभर शेतातच भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या वर्गात, हीच पद्धत वापरली जाते. एका वर्षाच्या उताऱ्यावर पावसाचाही परिणाम असतो, त्यामुळे त्या एका निकालावरून ठाम विधान करू नये.

पालकांच्या दृष्टीने यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथील कृषी विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या मुलाला या प्रश्नांसाठी लागणारे शास्त्र शिकवलेले असते. उणीव असते ती ते मराठीत, एकर आणि गोणीच्या हिशेबात, मोठ्याने बोलण्याच्या सवयीची. मुलाखतीत मराठीतून उत्तरे देता येतात, त्यामुळे इंग्रजीच्या धास्तीने वेगळी शिकवणी लावण्यापेक्षा मुलाला एक खरीप हंगाम शेताजवळ काढू देणे अधिक फळ देते. घरची किंवा नातेवाइकांची शेती असेल तर मे महिन्यात, शेवटचे खत देऊन दोन महिने उलटल्यावर आणि पेरणीपूर्वी, त्याने स्वतः नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत द्यावा, पत्रिका हाती आल्यावर गोण्यांचा हिशेब वहीत मांडावा, जून-जुलैत पेरणी पाहावी आणि ऑगस्टमध्ये मुळे उपटून गाठी मोजाव्यात. शहरात राहणाऱ्या कुटुंबाने शेजारच्या गावातील एखादी जुनी पत्रिका मिळवून तीच मांडून पाहावी. रोज संध्याकाळी घरातील सर्वांत कमी शिकलेल्या मोठ्या माणसाला, आजीला किंवा आजोबांना, एक रकाना समजावून सांगावा आणि दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याकडूनच ऐकावा. त्यांनी जो शब्द परत वापरला तो वहीत ठेवावा, आणि जो त्यांना आठवला नाही त्याच्या जागी दुसरा शोधावा.